डोकं फारसं दुखत नाही, पण चक्कर येते: व्हेस्टिब्युलर मायग्रेनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोकं दुखतच नाही, मग त्याला मायग्रेन कसं म्हणता?

मायग्रेन हा मुळात मेंदूच्या संवेदनशीलतेचा आजार आहे आणि डोकेदुखी हे त्याचं सर्वांत ठळक लक्षण. पण ते एकमेव लक्षण नाही. मायग्रेनच्या झटक्यात उजेड, आवाज, वास नकोसे होतात, मळमळतं, काहींना डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात. याच यादीत तोलाचा बिघाडही येतो. ज्यांच्या झटक्यात चक्कर आणि तोल जाणं हेच मुख्य असतं, त्यांच्या आजाराला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला व्हेस्टिब्युलर यंत्रणा म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं.

अशा लोकांच्या काही झटक्यांत डोकं दुखतं, काहींत नुसतं जड होतं आणि काहींत अजिबात दुखत नाही. एकाच माणसाला तिन्ही प्रकारचे झटके येऊ शकतात. चक्कर डोकेदुखीच्या आधी येईल, बरोबर येईल किंवा नंतर, याचाही नेम नसतो.

हा आजार दुर्मीळ नाही. जर्मनीतल्या लोकसंख्येच्या पाहणीत शंभरातल्या साधारण एका प्रौढाला आयुष्यात कधीतरी तो झाल्याचं दिसलं. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा बराच जास्त आढळतो.

त्या चकरेत नेमकं काय वाटतं?

हे प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. काहींना खोली गरगर फिरताना दिसते. काहींना खोली स्थिर दिसते, पण आपणच आतून हेलकावतोय असं वाटतं, होडीत उभं असल्यासारखं. काहींना मान वळवली की चक्कर येते आणि मान स्थिर ठेवली की ती ओसरते. काहींना समोर काही हलताना दिसलं तरी पुरतं: धावती लोकल, मॉलमधली रांगेनं मांडलेली फडताळं, मोबाइलवर भराभर वर सरकवलेला मजकूर. चालताना पाय एका बाजूला ओढले जातात, भिंतीचा आधार घ्यावासा वाटतो.

झटका किती वेळ टिकेल हेही सांगता येत नाही. ढोबळमानानं एक तृतीयांश रुग्णांचे झटके काही मिनिटांचे असतात, तेवढ्याच रुग्णांचे काही तासांचे आणि तेवढ्याच रुग्णांचे एक-दोन दिवस चालणारे. अगदी थोड्यांना काही सेकंदांचे झोके पुन्हापुन्हा येत राहतात.

उठून उभं राहिल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येणं ही वेगळी गोष्ट आहे. तिचा संबंध बहुतेक वेळा रक्तदाबाशी असतो. डॉक्टरांना सांगताना नुसतं ‘चक्कर येते’ असं न म्हणता, फिरतं की हेलकावतं की अंधारी येते, हे आपल्या शब्दांत सांगा.

असं का होतं?

डोक्याची वेदना वाहून नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल. तिची केंद्रं आणि तोलाची केंद्रं मेंदूच्या देठात जवळजवळ आहेत आणि त्यांच्यात दोन्ही बाजूंनी धागेदोरे आहेत. शिवाय आतल्या कानाच्या रक्तवाहिन्यांपर्यंतही या ट्रायजेमिनल नसेचे तंतू पोचतात. मायग्रेनचा झटका सुरू झाला की ही सगळी जोडणी चाळवते. कान, डोळे आणि पायांच्या सांध्यांकडून येणारी माहिती एरवी मेंदू सहज जुळवतो. झटक्यात हा मेळ बिघडतो आणि साधी मान वळवणंही मेंदूला मोठी हालचाल वाटते. प्रत्येक पायरी अजून पूर्ण उलगडलेली नाही, पण कान आणि मेंदू दोन्ही यात गुंतलेले असतात, हे आता बहुतेक तज्ज्ञ मानतात.

मग हा आजार इतक्या वेळा निसटतो का?

याची कारणं अनेक आहेत. मला सर्वांत मोठं वाटणारं कारण आधी सांगते.

डॉक्टर विचारतात, ‘मायग्रेन आहे का?’ रुग्ण म्हणतो, ‘नाही.’ तिथेच दार बंद होतं. रुग्ण खोटं बोलत नसतो. आपल्याकडे असंख्य घरांत मायग्रेनला मायग्रेन म्हणतच नाहीत, ‘पित्त’ म्हणतात. डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळतं, उजेड सहन होत नाही, मग उलटी होते आणि झोप लागली की बरं वाटतं. ‘पित्त पडलं, आता मोकळं वाटतंय’ हे वाक्य मराठी घरात कुणी ऐकलेलं नाही? उलटीनंतर डोकं उतरणं हे मायग्रेनमध्ये नेहमी दिसतं. पण ती बाई वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या घेते, मायग्रेनची नोंद तिच्या कुठल्याच कागदावर होत नाही. म्हणून चक्कर घेऊन आलेल्या माणसाला मी ‘मायग्रेन आहे का’ असं कधी विचारत नाही. मी विचारते, ‘तुम्हाला पित्त होतं का? झालं की काय काय होतं?’ पुढची कहाणी रुग्ण आपणहून सांगतो.

दुसरं कारण काळाचं. डोकेदुखी विशी-तिशीत असते आणि चक्कर कधीकधी दहा-वीस वर्षांनी येते, बायकांमध्ये बरेचदा पाळी जाण्याच्या सुमारास, डोकेदुखी कमी झाल्यावर. जी डोकेदुखी दहा वर्षांपूर्वी थांबली तिचा आजच्या चकरेशी संबंध असेल, हे कुणाच्या मनात येणार?

तिसरं कारण म्हणजे तपासण्या. व्हेस्टिब्युलर मायग्रेन दाखवणारी रक्ततपासणी नाही, एमआरआय नाही, कानाची चाचणीही नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात तपासलं तर बहुतेकांचं सगळं ठीक निघतं. निदान होतं ते रुग्णाच्या तोंडची हकीकत नीट ऐकून. त्याला वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच मिळत नाही.

आणि चौथं, या आजारावर कुणा एकाचा हक्क नाही. चक्कर म्हणून माणूस कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जातो. तिथे कान ठीक निघतो. डोकेदुखीसाठी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावं, तर डोकं दुखत नाही. मग फिजिशियन, हाडांचे डॉक्टर आणि शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला. स्वित्झर्लंडमधल्या चक्कर-केंद्राची २०१२ सालची एक पाहणी प्रसिद्ध आहे. तिथल्या तरुण रुग्णांपैकी सुमारे २० टक्क्यांना शेवटी व्हेस्टिब्युलर मायग्रेनचं निदान झालं. त्यांना पाठवणाऱ्या डॉक्टरांना मात्र ही शंका सुमारे २ टक्के रुग्णांतच आली होती. तिकडची ही स्थिती, तर आपल्याकडे काय असेल याचा अंदाज करता येतो.

एखाद्या रुग्णाच्या उदाहरणावरून समजावून सांगाल का?

हे उदाहरण एका व्यक्तीचं नाही. अशा अनेक रुग्णांच्या हकीकतींतून ते जुळवलं आहे.

एक शिक्षिका, वय ४७. एका सकाळी फळ्याकडून वर्गाकडे वळताना जमीन डावीकडे कलली. टेबल धरून त्या कशाबशा खाली बसल्या. दोनदा उलटी झाली. संध्याकाळपर्यंत मान हलवली की हेलकावे येत होते, दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, ११०/७०. ‘बीपी लो झालंय, मीठ-साखरेचं पाणी प्या.’ तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. कानाच्या डॉक्टरांनी ऐकण्याची चाचणी केली, ती चांगली निघाली. आतल्या कानातले तोलाच्या यंत्रणेचे बारीक खडे सरकलेत का, हे डोकं झुकवून, वळवून तपासलं, तेही निर्दोष. चकरेसाठी बीटाहिस्टीनच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या झटक्यानंतर मानेचा एक्सरे काढला. पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये थोडी झीज दिसली आणि मानेला पट्टा आला. पट्ट्यामुळे मान आखडली आणि चालताना अधिकच डगमगायला लागलं. मग मेंदूचा एमआरआय, तोही वयाच्या मानानं ठीक. पाच महिन्यांत सहा झटके झाले. बाई एकट्या रस्ता ओलांडायला घाबरू लागल्या. घरात कुजबुज सुरू झाली की हे मनाचं आहे.

त्यानंतर कुणीतरी त्यांना वेगळे प्रश्न विचारले. लहानपणी गाडी लागायची का? हो, घाटात एसटीत खिडकीशी बसवावं लागायचं, प्लॅस्टिकची पिशवी हातात ठेवून. तरुणपणी पित्ताचा त्रास? हो, पाळीच्या आधी दर महिन्याला. उजवी कानशील ठणकायची, दिवसभर अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडून राहायचं, उलटी झाली की थांबायचं. आईलाही तसंच व्हायचं. चाळिशीनंतर ते बंद झालं, म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता चक्कर येते तेव्हा घरात काय करायला सांगता? पडदे ओढा, टीव्ही बंद करा. कुकरची शिट्टी डोक्यात घुसते. डोकं दुखतं का? नाही, नुसतं जड.

आता ही माहिती निदानाच्या निकषांवर लावून पाहू; ते निकष पुढच्या प्रश्नात दिले आहेत. झटके सहा, म्हणजे किमान पाच हवेत ती अट पूर्ण. झटक्यांचा काळ दोन तास ते दीड दिवस, तोही बसतो. पूर्वीची एका बाजूची, ठणकणारी, उलटीसह दिवसभर टिकणारी डोकेदुखी म्हणजे मायग्रेनच. सहापैकी चार झटक्यांत उजेड आणि आवाज दोन्ही सहन झाले नव्हते, म्हणजे निम्म्याहून जास्त. दुसरं कारण शोधूनही सापडलं नव्हतं. निदान पक्कं झालं, तेही चकरेच्या एकाही झटक्यात डोकं दुखलेलं नसताना.

पट्टा काढला, बीटाहिस्टीन थांबवलं. पाळी अनियमित झाली होती, सकाळच्या शाळेमुळे झोप पाच तासांवर आली होती आणि आठवड्यात दोन उपास फक्त चहावर चालले होते. झोप आणि खाण्याच्या वेळा बांधल्या. डॉक्टरांनी झटके टाळण्यासाठी अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवलं, कारण झोपही बिघडलेली होती. तीन महिन्यांनी झटके पूर्ण थांबले नव्हते, पण महिन्यात एक-दोनवरून दोन महिन्यांत एकावर आले होते, तेही हलके. या आजारात बहुतेक वेळा अशीच प्रगती होते. एका गोळीत कायमचा बरा होईल असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

निदानाचे हे निकष कुणी ठरवले?

२०१२ साली दोन आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून: बाराणी सोसायटी आणि इंटरनॅशनल हेडेक सोसायटी. बाराणी सोसायटीचं नाव रॉबर्ट बाराणी यांच्यावरून आहे. आतल्या कानातील तोलाच्या यंत्रणेवरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं होतं.

निकष थोडक्यात असे: तोलाच्या बिघाडाचे मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचे किमान पाच झटके, प्रत्येक ५ मिनिटांपासून ७२ तासांपर्यंतचा. आत्ता किंवा पूर्वी कधीतरी मायग्रेन. आणि किमान निम्म्या झटक्यांत मायग्रेनची एखादी खूण: मायग्रेनसारखी डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं, किंवा डोळ्यांपुढे चमकत्या रेषा. यातली कुठलीही एक खूण चालते. म्हणजे डोकेदुखी बंधनकारक नाही. पूर्वीचं मायग्रेन किंवा झटक्यातली खूण यांपैकी एकच अट बसली, तर ‘संभाव्य व्हेस्टिब्युलर मायग्रेन’ म्हणतात आणि त्यावरही उपचार करून पाहता येतात.

कानातले खडे सरकल्याची चक्कर आणि ही चक्कर वेगळी कशी ओळखायची?

घड्याळाकडे पाहून. खडे सरकल्यामुळे येणारी चक्कर, जिला डॉक्टर बीपीपीव्ही म्हणतात, कुशीवर वळताना, अंथरुणातून उठताना किंवा वरच्या फडताळावरून डबा काढताना येते. ती जोरदार असते, पण एका मिनिटाच्या आत थांबते. टेबलावर विशिष्ट पद्धतीनं डोकं झुकवून केलेल्या चाचणीत डोळे ठरावीक पद्धतीनं हलताना दिसतात. नंतर डोकं क्रमाक्रमानं वळवण्याची एप्लीची क्रिया केली की बहुतेकांना एक-दोन बैठकांत बरं वाटतं. एप्ली चार-पाचदा करूनही उपयोग होत नसेल, तर निदान पुन्हा तपासायला हवं.

मेनिएर हा आतल्या कानाचा आजार वेगळा करणं जास्त अवघड. त्यातही चक्कर तासनतास टिकते, कानात दडे बसतात, आवाज येतो. व्हेस्टिब्युलर मायग्रेनमध्येही झटक्यापुरते दडे बसू शकतात. फरक ऐकण्यात पडतो. मेनिएरमध्ये एका कानाचं ऐकणं, विशेषतः खालच्या सुरांचं, चाचणीत कमी झालेलं दिसतं आणि काळाबरोबर आणखी खालावतं. मायग्रेनमध्ये ते सहसा टिकून राहतं. म्हणून ऐकण्याची चाचणी एकदा चांगली आली तरी काही महिन्यांनी पुन्हा करून जुन्या आलेखाशी ताडून पाहणं योग्य. मायग्रेन असलेल्यांत बीपीपीव्ही आणि मेनिएर दोन्ही इतरांपेक्षा जास्त आढळतात. त्यामुळे एकाच माणसाला दोन आजार असू शकतात आणि दोन्हींचे उपचार वेगळे करावे लागतात.

मला तर मानेच्या मणक्यामुळे चक्कर येते असं सांगितलंय.

चाळिशीनंतर मानेचा एक्सरे काढला तर बऱ्याच जणांत थोडीफार झीज दिसते, चक्कर असो वा नसो. एक्सरेत झीज दिसली म्हणून चकरेचं कारण सापडलं असं होत नाही. शिवाय मायग्रेनच्या झटक्यात मान दुखणं, आखडणं फार नेहमीचं आहे. त्यामुळे रुग्णालाही मानेवरच संशय येतो. पट्ट्याचा चकरेवर उपयोग नाही. उलट मान न हलवल्यानं मेंदूची हालचालीची सवय मोडते. हात बधिर होणं, हाताची ताकद जाणं असं काही असेल तर मानेची तपासणी जरूर करा, पण ती त्या लक्षणांसाठी.

एमआरआय करायलाच हवा का? धोक्याची लक्षणं कोणती?

हकीकत स्पष्ट असेल, झटके वर्षानुवर्षं एकाच पद्धतीनं येत असतील आणि तपासणीत काही वावगं नसेल, तर प्रत्येकाला एमआरआय लागतोच असं नाही. पण पुढचं काहीही घडलं तर हे मायग्रेनच आहे असं गृहीत धरून घरी पडून राहू नका. चकरेबरोबर बोबडी वळणं, एकाऐवजी दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता न येणं, एका कानाचं अचानक ऐकू न येणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी अचानक तीव्र डोकेदुखी, शुद्ध हरपणं, ताप आणि मान ताठणं. यात मेंदूला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिनीचा अडथळा असू शकतो आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. आयुष्यातली पहिलीच, तासन्‌तास न थांबणारी चक्कर, विशेषतः साठीच्या पुढे किंवा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू असताना, हीदेखील त्याच दिवशी दाखवावी.

चक्कर थांबवायच्या गोळ्या मी रोज घेतो. चालतील का?

झटका आला असताना मळमळ आणि गरगर शमवण्यासाठी त्या एक-दोन दिवस उपयोगी पडतात. रोज घेण्यासाठी त्या नाहीत. प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन यांसारखी औषधं महिनोन्‌महिने घेतल्यावर, विशेषतः उतारवयात, हात कापणं, हालचाल मंदावणं, चेहरा निर्विकार होणं अशी पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. अनेक जण जुन्या चिठ्ठीवर दुकानातून ती पुन्हापुन्हा आणतात, म्हणून हे आवर्जून सांगावंसं वाटतं. दुसरा तोटा असा की तोलाची यंत्रणा सतत गुंगीत ठेवली, तर मेंदू स्वतःला सावरायला शिकत नाही. बीटाहिस्टीन मेनिएरसाठी दिलं जातं. मायग्रेनचे झटके ते थांबवतं असा भक्कम पुरावा नाही. चालू असलेली गोळी अचानक स्वतःहून न थांबवता डॉक्टरांशी बोला.

वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. महिन्यात दहा-पंधरा दिवस त्या घेतल्या तर मायग्रेन उलट चिघळतं.

मग यावर खरे उपचार कोणते?

झटके क्वचित येत असतील तर झोप, जेवण आणि झटक्यापुरतं औषध एवढ्यावर भागतं. महिन्यात दोन-चार झटके येत असतील, किंवा एकेक झटका दोन दिवस घालवत असेल, तर प्रतिबंधक औषध सुरू करतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट, व्हेनलाफॅक्सिन ही त्यातली नेहमीची. यातलं सर्वांत चांगलं कोणतं, याचं उत्तर नाही. निवड माणूस पाहून होते. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको. फ्लुनारिझिननं वजन वाढतं, उदासी येऊ शकते आणि वृद्धांत कंप येऊ शकतो. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनी टोपिरामेट आणि याच कामासाठी कधीकधी दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएटबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलायला हवं, कारण दोन्हींचा गर्भाला धोका आहे.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर तो अजून अपुरा आहे. प्रोप्रॅनोलॉलच्या गटातल्या मेटोप्रोलॉलच्या जर्मनीतल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१९ साली आले, ते औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. पण पुरेसे रुग्ण न मिळाल्यानं ती चाचणी लवकर थांबवावी लागली होती. डोकेदुखीत चांगलं काम करणारं रिझाट्रिप्टान चकरेच्या झटक्यात अशा बनावट गोळीपेक्षा वरचढ नाही, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. म्हणजे डोकेदुखीचं प्रत्येक औषध चकरेला लागू पडतंच असं नाही. तरीही योग्य मात्रेत, पुरेसा काळ प्रतिबंधक औषध घेतलेल्या अनेकांचे झटके कमी होतात, हा दवाखान्यातला नेहमीचा अनुभव आहे.

यात सर्वांत जास्त चुकतं ते कालावधीत. ही औषधं कमी मात्रेत सुरू करून वाढवत न्यावी लागतात आणि परिणाम जोखायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. रुग्ण दहा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडतो आणि पुढच्या डॉक्टरांना सांगतो की ते औषध लागू पडलं नाही.

उपास, चहा, उन्हातली कामं: काय टाळायचं?

सरसकट पथ्याची लांब यादी मी देत नाही. चीज, चॉकलेट, रेड वाइन ही नावं इंग्रजी याद्यांतून येतात. आपल्याकडे बहुतेकांना ती लागूच नाहीत. आपल्याकडची कारणं वेगळी: उपाशी राहणं, जागरण, भर उन्हातून येणं, तीव्र वासाची अगरबत्ती किंवा फोडणीचा ठसका, लग्नातला डीजे आणि भिरभिरणारे दिवे. उपास सोडायलाच हवा असं नाही. दर तीन-चार तासांनी दूध, ताक, फळं, राजगिरा असं काही पोटात गेलं तरी फरक पडतो. निर्जळी मात्र या आजारात महाग पडते. चहा दोन कपांवर आणायचा असेल तर हळूहळू आणा. एकदम बंद केल्यानंही झटका येतो.

झटके नाहीत, पण रोजच डगमगल्यासारखं वाटतं. हे काय?

वारंवार झटके आल्यावर काहींचा मेंदू सतत सावध राहायला लागतो. चालताना पायांवर पहारा, मान ताठ, नजर जमिनीवर. मग झटक्यांमधल्या दिवसांतही उभं राहिलं, गर्दीत गेलं की हेलकावतं. असं बहुतेक दिवस, तीन महिन्यांहून जास्त चाललं, तर त्याला स्वतंत्र नाव आहे: पीपीपीडी. हा ढोंगीपणा नाही आणि वेडही नाही. यावर तोलाचे व्यायाम उपयोगी पडतात, पण ते शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून आणि हळूहळू वाढवत. मायग्रेन आटोक्यात नसताना एकदम जोरात व्यायाम सुरू केले की झटके वाढतात आणि माणूस व्यायामच सोडून देतो. घाबरेपणा खूप वाढला असेल तर त्याचेही उपचार सोबत करावेत.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

एक साधी वही. प्रत्येक झटक्याची तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, फिरत होतं की हेलकावत होतं, उजेड आणि आवाज सहन होत होते का, डोकं जड किंवा दुखरं होतं का, कानात दडे बसले का, आदल्या रात्रीची झोप, चुकलेलं जेवण, पाळीचा दिवस, घेतलेली गोळी. चार-सहा झटक्यांची अशी नोंद असली की निकष तपासायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरं म्हणजे मोबाइल. चक्कर चालू असताना घरच्या कुणीतरी तुमच्या डोळ्यांचा जवळून, चांगल्या उजेडात अर्ध्या-एक मिनिटाचा व्हिडिओ काढावा. समोर पाहा, मग डावीकडे, मग उजवीकडे. झटक्यात अनेकांचे डोळे आपोआप हलत असतात आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ते थांबलेलं असतं. उजेड सहन होत नसताना हे जड जातं, म्हणून अर्धं मिनिट झालं तरी पुरे. जुने ऐकण्याच्या चाचणीचे आलेख आणि आजवर घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची, त्यांच्या मात्रा आणि किती दिवस घेतल्या यांसह यादी, हेही सोबत न्या.

आणि निघण्यापूर्वी आईला, मावशीला, आजीला विचारा की त्यांना तरुणपणी ‘पित्ता’चा त्रास कसा व्हायचा. मायग्रेन घराण्यात चालतं.

मुलांनाही होतं का?

होतं. खेळता खेळता मूल अचानक घाबरून आईला बिलगतं, पांढरं पडतं, उभं राहता येत नाही, आणि थोड्या वेळात काही झालंच नाही असं पुन्हा खेळायला लागतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत असे झटके दिसतात आणि वाढत्या वयात बहुतेकांचे थांबतात. यातल्या काही मुलांना पुढे मायग्रेन होतं. मूल ‘चक्कर’ हा शब्द वापरत नाही, ‘घर पळतंय’ म्हणतं. फेफरं किंवा इतर आजार नाही ना, हे बालरोगतज्ज्ञांकडून एकदा नक्की करून घ्या. झटका चालू असताना मुलाचाही व्हिडिओ काढून ठेवा, कारण त्याला स्वतःची हकीकत सांगता येत नाही.